पहिलीच्या पोरांना पहिल्या दिवशी पहिलं काय बोलायचं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. पवित्र पोर्टलमधून निवड होऊन शिक्षणसेविका म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झालेय. शाळा चौथीपर्यंत, दोन शिक्षक, दोन खोल्या. मुख्याध्यापक सर तिसरी-चौथी बघतात, माझ्याकडे पहिली-दुसरी एकाच खोलीत. पहिलीच्या पटावर १४ नावं आहेत. सगळी मुलं बंजारा, घरी गोरमाटी बोलतात. मला गोरमाटी येत नाही, मी लातूरकडची.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडते. डी.एड.ला पाठ टाचण शिकवलं, शैक्षणिक साहित्य करायला लावलं, पण ही १४ लेकरं दारातून आत आली की तोंडातून पहिलं काय काढायचं, हे कुणी सांगितलं नाही. 'बालमित्रांनो, तुमचे शाळेत स्वागत आहे' असं आरशासमोर म्हणून पाहिलं. माझंच मला हसू आलं.

ज्यांनी पहिलीचे वर्ग घेतलेत त्यांनी सांगा. प्रत्यक्षात तुम्ही काय करता?

शब्दसुमन

ताई, अगदी योग्य ठिकाणी विचारलंत! माझ्याकडे तयार भाषण आहे, कॉपी करून घ्या:

'सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, गुरुजनवर्ग आणि ज्ञानमंदिराच्या उंबरठ्यावर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माझ्या चिमुकल्या पाखरांनो! आजचा हा मंगलमय दिवस...'

पुढचं मोठं आहे, हवं असल्यास व्यक्तिगत संदेश करा. टाळ्या हमखास.

पाटीपेन्सिल

आभारी आहे 🙏 पण व्यासपीठ म्हणजे आमच्याकडे एक सतरंजी आहे, आणि समोर साडेपाच-सहा वर्षांची पोरं. मला भाषण नकोय.

खडूची भुकटी

शब्दसुमन यांचं भाषण टाकून देऊ नका हो, गट शिक्षण कार्यालयातून कुणी आलं तर प्रवेशोत्सवात सरांना कामी येईल. 😀

आता मूळ प्रश्न. मी शिक्षक होतो, मग केंद्रप्रमुख, आता निवृत्त. पहिल्या दिवसाचे बरेच वर्ग दारात उभं राहून पाहिलेत. सांगण्यासारखं एवढंच, की पहिलीच्या मुलाला 'वर्ग' म्हणून केलेलं स्वागत पोचतच नाही. 'मुलांनो' म्हटलं की त्याला वाटतं, बाई दुसऱ्या कुणाशी तरी बोलतायत. घरी आजवर त्याला कुणी अनेकवचनात हाक मारलेली नसते. तुमचं पहिलं बोलणं १४ वेळा होणार आहे, एकेकाशी, आणि तेही दारात. सतरंजीवर बसवून एकदाच नाही.

त्यासाठी तयारी आदल्या दिवशी करावी लागते. तांड्यावरच्या अंगणवाडीताईंकडे जा. तुमची बहुतेक पोरं कालपर्यंत त्यांच्याकडेच होती. पटावरची यादी समोर ठेवा आणि प्रत्येकासाठी दोन गोष्टी विचारून घ्या. घरी काय म्हणतात, आणि उद्या सोडायला कोण येईल. पटावर 'आदित्य' असतं, पण त्या पोराला जन्मापासून सगळे 'गोट्या' म्हणत आलेले असतात. तुम्ही वर्गात उभं राहून 'आदित्य' म्हणून पाच वेळा पुकारता, तो समोर बसून तुमच्याकडे टकमका बघतो, आणि तुम्ही वहीत लिहिता 'प्रतिसाद देत नाही'. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि एकदा नाही.

कोणतं नाव खरं त्याचं, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मूल पाठमोरं असताना, साध्या आवाजात, जवळून ते नाव घ्या. मान वळली की ते नाव त्याचं. समोरून विचारलेल्या 'नाव काय तुझं?'ला उत्तर आलं नाही, तर त्यावरून काहीच कळत नाही.

नियमावली

पहिली गोष्ट, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पाचवीपर्यंत मातृभाषेतूनच शिकवणं बंधनकारक आहे. म्हणजे तुम्हाला पहिलं वाक्य गोरमाटीतच बोलावं लागेल. दुसरं, पहिलीत प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे 'साडेपाच वर्षांची पोरं' हे चूक आहे.

खडूची भुकटी

नियमावली, दोन्ही मुद्दे अर्धे बरोबर आहेत. धोरणात 'जिथे शक्य असेल तिथे' असे शब्द आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलम २९ मध्ये मातृभाषेचा उल्लेख 'व्यवहार्य असेल तिथवर' असाच आहे. सक्ती नाही, दिशा आहे. आणि वय आपल्या राज्यात ३१ डिसेंबरला मोजतात. डिसेंबर अखेरीस जन्मलेलं मूल जूनच्या मध्यावर साडेपाच वर्षांचंच असतं. पाटीपेन्सिल यांचा हिशोब चुकलेला नाही. त्याच वर्गात जानेवारीचं मूल असेल तर ते त्याच्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठं. एक मूल दारातूनच 'मॅडम, मी आलो' म्हणेल, दुसरं आईच्या पदरात तोंड खुपसेल. हुशारीचा प्रश्न नाही तो, महिन्यांचा आहे.

तांड्यावरचा

धागा बघून राहवलं नाही. मी स्वतः अशाच तांड्यावरच्या शाळेत शिकलो, आता औरंगाबादला नोकरीला आहे (संभाजीनगर म्हणायची सवय व्हायचीय अजून).

मॅडम, एक गैरसमज काढून टाका. आमच्या पोरांना मराठी बिलकूल कळत नाही, असं नसतं. बाजाराला जातात, टीव्ही बघतात, दुकानदाराशी बोलणं कानावर पडतं. बोलता येतं त्याच्यापेक्षा समजतं जास्त. गप्प बसतात ते शाळेतलं मराठी बाजारातल्या मराठीसारखं नसतं म्हणून. 'आसनस्थ व्हा', 'रांगेत प्रवेश करा' हे आमच्या बापालाही कळलं नसतं. 'ये, बस इथं' हे सगळ्यांना कळतं.

गोरमाटीत बोलायचंच तर थोडकं बोला. 'आव, बेस' एवढं म्हणा. आणि 'तारो नाम कांयी?'. पोरं हसतील तुमच्या उच्चाराला. हसू द्या. मॅडमला आपल्यापेक्षा कमी येणारी एक तरी गोष्ट आहे हे पहिल्याच दिवशी कळलं, की तोंड उघडतात. पण अख्खं भाषण गोरमाटीत पाठ करून जाऊ नका. आमच्याकडची माणसं दारातच विचारतील, 'मॅडम, गोरमाटी तर आमच्या घरी बी शिकतंय की लेकरू, तुमच्याकडं मराठी शिकाया पाठवलंय.' हा राग खोटा नाही. घरच्यांचं म्हणणं एक, लेकराची गरज दुसरी. तुम्हाला दोन्ही सांभाळायचंय.

सोडायला आलेल्या मोठ्या माणसांना मात्र 'जय सेवालाल' म्हणा. ते तुम्हाला वर्षभर पुरेल.

अजून एक. 'तुझी आई कुठंय?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. जूनमध्ये ऊसतोडीवरून बहुतेक घरी परतलेले असतात, पण काही आईबाप मुंबई-पुण्याला बांधकामावर असतात आणि लेकरू आजीकडं असतं. 'तुला सोडायला कोण आलं?' असं विचारा. आजीचं बोट दाखवील, विषय संपला.

पाटीपेन्सिल

हे सोन्यासारखं आहे, धन्यवाद. खडूची भुकटी सर, नाव कळलं समजा. मग पुढे? दारात उभी राहून नाव घेतलं, मूल आईला बिलगलंय, मागे वडील म्हणतायत 'सांग की नाव, सांग मॅडमला'. त्यावेळी काय?

खडूची भुकटी

तोच तर सगळ्यात अडचणीचा क्षण. बाप मागून ढोसतो, बाई वरून वाकून बघते, आणि मूल दगड होतं.

पहिलं म्हणजे खाली बसा. उभ्याने वाकू नका, उकिडवं बसा किंवा पायरीवर बसा. तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीला आला पाहिजे. दुसरं, नाव विचारायचंच नाही. तुम्हाला ते आधीच माहीत आहे. तुम्ही म्हणायचं, 'गोट्या ना तू? मी तुझी बाई.' आणि लगेच असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर बोटाने देता येईल. 'दप्तर या खुंटीला अडकवायचं, का त्या?' त्याने बोट दाखवलं, तुम्ही दप्तर अडकवलं. झालं. तोंड न उघडता त्याने तुमच्याशी पहिलं बोलणं केलं, आणि ते बाईंनी ऐकलं, हेही त्याने बघितलं.

तिसरं, हातात काहीतरी द्या. चिंचोके, खडूचा तुकडा, काहीही. रिकामा हात पदर पकडतो.

आणि आत नेल्यावर गाणं-गोष्ट सुरू करायच्या आधी दोन जागा दाखवा. पाणी कुठे, आणि शूला कुठे. नुसतं सांगू नका, चालत नेऊन दाखवा, कडी उघडी आहे का तेही बघा. पहिल्या आठवड्यात जे चड्डी ओली होण्याचे प्रकार होतात, त्यातले निम्मे 'विचारायचं कसं' हे माहीत नसल्याने. बाईंना करंगळी दाखवायची, हे त्याला घरी कुणी शिकवलेलं नसतं.

मैनाताई

खडूची भुकटी यांचं बाकी सगळं मान्य, पण रडणाऱ्या मुलांचं काय? मी बालवाडी चालवायचे. माझा अनुभव स्पष्ट आहे: आई फाटकाच्या बाहेर गेली की पाच मिनिटांत रडणं थांबतं. आई खिडकीत उभी राहिली की दोन तास चालतं. पहिल्या दिवशी पालकांना आत घेऊच नये. एक रडलं की पाठोपाठ सगळे.

गोव्याची सुलू

मैनाताई, माझी गोष्ट अगदी उलट. फोंड्याकडे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आहे मी. घरी सगळे कोंकणीच बोलतात. पहिल्या दिवशी मीच 'तुजें नांव कितें?' म्हणते, मग हळूहळू मराठीवर येते. एका वर्षी एका आजीला नजर चुकवून बाहेर पाठवलं. मूल गप्प झालं, आम्हाला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी फाटकापासूनच किंचाळायला लागलं, आजीचं बोट सोडेना. त्याला कळलं होतं की इथे माणसं न सांगता नाहीशी होतात. महिना गेला ते निस्तरायला.

मैनाताई

चोरून पाठवा असं मी कुठे म्हटलं? सांगून पाठवा. पण पाठवा.

खडूची भुकटी

तुम्ही दोघीही एकच म्हणताय असं मला वाटतं, फक्त कधी पाठवायचं यावर मतभेद आहे. मी जे नीट चाललेलं पाहिलंय ते असं: आई आत येते, मुलाशेजारी सतरंजीवर थोडी टेकते, मग उठून मोठ्याने सांगते, 'खिचडी खाल्ली की मी येते.' 'दोन वाजता येते' म्हणून उपयोग नाही, त्याला घड्याळ कळत नाही. खिचडी कळते. आणि मग ती खरोखर खिचडीनंतर आली पाहिजे. पहिल्या दिवशी ही वेळ चुकली, की पुढचा आठवडा गेला. आईच्या कडेवरून मूल ओढून घेऊ नका. आईनेच खाली उतरवायचं.

आणि आई गेल्यावर 'आई बाहेरच आहे हं' अशी थाप मारायची नाही. मूल बाहेर जाऊन बघतं.

आई किती वेळ टेकावी, यावर मात्र मी ठाम सांगत नाही. काही मुलांना दहा मिनिटं पुरतात, काहींना आई शेजारी असेपर्यंत दुसरं काही दिसतच नाही. मैनाताईंनी पाहिलेली मुलं दुसऱ्या प्रकारची असतील.

मैनाताई

असतील. तरी वीस आया सतरंजीवर बसल्यावर पोरं कुठे बसवायची, ते सांगा.

न्यूजर्सीकर

इथे रविवारच्या मराठी शाळेत लहान गट शिकवतो. आमची उलटी गंमत. मुलांना मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. सुरुवातीला मी 'मराठीत सांग, मराठीत सांग' म्हणायचो, तर मुलं बोलायचीच थांबली. आता ती कुठल्याही भाषेत बोलोत, मी ऐकून घेतो आणि उत्तर मराठीतच देतो. धाग्याच्या मालकीणबाईंना कितपत उपयोगी आहे माहीत नाही.

पाटीपेन्सिल

उपयोगी आहे की. मुलं गोरमाटीत काही बोलली, तर मी हेच करेन. कळलं नाही तर दुसरीतल्या पोरांना विचारेन.

तांड्यावरचा

दुसरीची पोरं! मॅडम, ती तर तुमची खरी दुभाषी. त्यांना आधीच बोलावून ठेवा.

खडूची भुकटी

बरोबर. पहिली-दुसरी एकाच खोलीत म्हणून लोक तक्रार करतात, पण पहिल्या दिवशी तो फायदाच आहे. दुसरीच्या प्रत्येकाला पहिलीचं एकेक मूल वाटून द्या, शक्यतो नात्यातलं किंवा शेजारच्या घरचं. अंगणवाडीताई सांगतील कोण कुणाचं. तुम्ही दारात तेराव्या मुलाशी बोलत असताना आतल्या बाराजणांकडे बघायला कुणीतरी हवं, ते काम ही पोरं करतात.

फक्त एक सांभाळा. दुसरीच्या पोरांना बाई दिसल्या की एका सुरात ओरडायची सवय असते, 'नऽऽमस्तेऽऽ मॅऽऽडम!' अनोळखी खोलीत असा गजर अंगावर आला तर लहान मूल दचकतं. त्या दिवशी त्यांना तेवढं माफ करा. आणि पहिलीच्या पोरांकडूनही सुरात नमस्ते वदवून घेऊ नका. ती म्हणतील, पण शेजारच्याचे ओठ बघून. त्यातून तुम्हाला एकाही मुलाची ओळख होत नाही.

ठाण्याची टीचर

हे सगळं १४ पोरांसाठी ठीक. माझ्याकडे ४५ आहेत, अनुदानित शाळा, जिन्यात पालकांची गर्दी, एक शिपाई. एकेकाला एक मिनिट दिला तरी पाऊण तास. आतली मुलं तोवर खिडकीवर चढतील. मला काय सांगता?

खडूची भुकटी

प्रामाणिकपणे सांगतो, ४५ ला हे जसंच्या तसं जमत नाही. खुंटीचा प्रश्न, चिंचोके, सगळं बाजूला ठेवा. दारात फक्त नाव आणि हातात हात, बस. छातीवर नावाची पट्टी लावायची असेल तर घरचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, पटावरचं लहान. ती पट्टी मुलासाठी नसते, त्याला वाचता कुठे येतं? ती तुमच्यासाठी. मग आठवडाभर रोज आठ-नऊ मुलांशी सावकाश बोला. मुख्याध्यापक ऐकणारे असतील तर अर्धी मुलं तासाभराने उशिरा बोलवा. खासगी बालवाड्यांत हे सर्रास करतात.

नियमावली

प्रवेशोत्सवात सगळी मुलं एकाच वेळी हजर हवीत. फोटो अपलोड करायचे असतात.

ठाण्याची टीचर

तेच ना! 🙄

खडूची भुकटी

प्रवेशोत्सवावरून आठवलं, पाटीपेन्सिल, हे तुम्हालाही लागू. गुलाबाचं फूल, पुस्तकवाटप, बैलगाडीतून मिरवणूक, रंगात पाय बुडवून कागदावर ठसे. हे सगळं असेलच, असू द्या, गावाला आनंद असतो. पण तुमची दारातली भेट त्याच्या आधी उरकून घ्या. पाहुणे आल्यावर तुम्ही मुलांच्या नसता, पाहुण्यांच्या असता. आणि जी मुलं तुम्हाला अर्ध्या तासापूर्वी भेटलेली असतात, ती हलगी वाजायला लागली की तुमच्याकडे धावतात. न भेटलेली बाहेर पळतात.

पाटीपेन्सिल

मंडळी, शाळा उघडली. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून सविस्तर लिहितेय.

यादी अंगणवाडीताईंकडून करून घेतली होती. १४ पैकी नऊजणांचं घरचं नाव वेगळं निघालं. एका मुलाचं पटावर 'आर्यन' आहे, त्याला आर्यन म्हणतात हे त्याच्या आजीलाही ठाऊक नव्हतं. 'बब्या' म्हटल्यावर गडी लगेच वळला.

पाऊस होता, त्यामुळे दाराऐवजी व्हरांड्यात पायरीवर बसले. पहिली मुलगी साडेनऊला आली. खुंटीचा प्रश्न केला, तिने दोन्ही खुंट्या सोडून तिसरीच दाखवली. दप्तर तिथे अडकवलं. 'आव, बेस'ला अपेक्षेप्रमाणे दुसरीची पोरं खदखदून हसली, मग एकाने मला तीनदा म्हणून दाखवलं, मी तीनदा म्हटलं. तोवर पहिलीचे पाच-सहाजण आपसूक येऊन बसले होते. मी काही केलं नाही, ते मला शिकवण्यात गुंतले.

दोघं रडली. एकाची आई 'खिचडी खाल्ली की येते' म्हणाली आणि आली, तो दुसऱ्या दिवशी बिनरडता आला. दुसऱ्याची आई शेतात पेरणीची घाई म्हणून थांबलीच नाही, तो बराच वेळ दाराशी उभा होता. त्याला मी ओढलं नाही. त्याच्या वाट्याचा दुसरीतला जोडीदार त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, मग दोघं मिळून पागोळ्यांखाली हात धरून खेळले.

पाहुणे दहाला येणार होते, साडेअकराला आले. तोवर मुलं भुकेली झाली. सरांनी स्वयंपाकी मावशींना सांगून शिरा आधी वाढायला लावला, ते फार बरं केलं. पायाचे ठसे घेताना एका मुलीने रंगात पाय घालायला साफ नकार दिला. फोटो काढणारे गृहस्थ आग्रह करत होते. मी तिच्या हाताचा ठसा घेतला. फोटोत एक हात आहे, तेरा पाय आहेत.

एक प्रश्न उरलाय. एक मुलगी दिवसभर एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खेळते, चिंचोके मांडते, शिरा मागून खाल्ला, तोही खुणेने. घरी बोलते का विचारलं, तर आजी म्हणाली 'बोलतंय की', पण कशी बोलते ते नीट सांगेना. बाकी मुलं तिच्या वतीने बोलतात. हे लाजणं आहे का काही वेगळं?

मैनाताई

लाजणं. पंधरा दिवस थांबा. अशी मुलं शेवटी सगळ्यात जास्त बडबडी निघतात.

तांड्यावरचा

आमच्याकडं लहानपणी कान फुटणं फार. तेही बघा एकदा.

खडूची भुकटी

मैनाताई म्हणतात तसं असूही शकेल. पण थांबायच्या आधी ऐकू येतं का, एवढं बघून घ्या. ती चिंचोके मांडत असताना मागून, तिला तुमची सावलीही दिसणार नाही असं उभं राहून, हळू आवाजात तिचं घरचं नाव घ्या. टाळी वाजवू नका, टाळीचा हादरा लागतो आणि मोठा आवाज कमी ऐकणाऱ्यालाही कळतो. दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी, दोन्ही बाजूंनी. शिवाय बघा, कुणी बोलताना ती डोळ्यांकडे बघते का ओठांकडे, आणि इतर मुलं उठली की मगच उठते का. सूचना ऐकून उठणारं आणि बघून उठणारं मूल यात क्षणाचा फरक असतो. दिसतो तो, लक्ष ठेवलं की.

वळत असेल तर निवांत राहा. बोलायला लावू नका, बक्षीस लावू नका, हजेरीला हात वर केला तरी 'हजर' धरा. वळत नसेल, किंवा एकाच बाजूने वळत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना दाखवा. पण शाळांना त्यांची फेरी वर्षातून एकदाच असते, कधी येतील सांगता येत नाही. तोवर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करून आजीबरोबर पाठवा.

पाटीपेन्सिल

आज दुपारी करून पाहिलं. डावीकडून दोनदा वळली. उजवीकडून एकदा वळली, एकदा नाही, पण तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे ते धरावं का कळत नाही. उघडीप पडली की परत बघते. आजीला शनिवारी बोलावलंय.

ठाण्याची टीचर

कळवा इथे. आणि भुकटी सर, पट्टीवर घरचं नाव लिहिलं तर एका आईने तक्रार केली, 'शाळेत तरी पिंट्या म्हणू नका'. आता?

खडूची भुकटी

तिचं ऐका. पट्टी बदला, पण पोराला एकदा विचारून. त्याला 'पिंट्या'च हवं असलं तर पट्टीवर पटावरचं नाव, आणि हाक मारताना त्याला हवं ते. आईला मी काय सांगितलं, ते सांगू नका.